धुळाक्षरे तपासताना

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुलुंडला आमच्या घराजवळच्या एका बालवाडीने मला परीक्षक म्हणून बोलावले. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मोठ्या शिशूतल्या मुलांच्या अक्षरलेखनाला बक्षिसे द्यायची होती. मराठी शिकवणारी बाई म्हणजे अक्षरांची जाणकार, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे असतो, आणि आपणही तो दूर करण्याच्या फंदात सहसा पडत नाही. मी पडले नाही. ४१ कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून घरी आले.

कागद नेहमीचाच होता. सहा ओळी, सहा अक्षरे : ग, म, भ, न, क, ल. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला छापलेले एक ठळक अक्षर, त्याच्यापुढे ठिपक्यांची चार अक्षरे गिरवण्यासाठी, आणि शेवटी दोन रिकाम्या चौकटी. लिहिणारी मुले साडेचार-पाच वर्षांची. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून हात तयार झालेला असल्यामुळे मला फार वेळ लागला नाही. ठिपक्यांवरून रेघ गेली आहे का, अक्षर चौकटीत बसले आहे का, शिरोरेषा सरळ आहे का, एवढे पाहायचे आणि कोपऱ्यात दहापैकी गुण लिहायचे. अर्थात लाल शाईने. एका मुलीचा कागद इतका नेटका होता की तिला नऊ दिले. एका मुलाला तीन. त्याची अक्षरे चौकट फोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली होती, त्याचा भ ओळखू येत नव्हता, आणि ल तर त्याने ठिपके साफ सोडून भलताच काढला होता.

कागद परत दिले तेव्हा बालवाडीच्या ताईंनी ते चाळले. त्या दोन कागदांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एकदा मुलं लिहिताना बघायला याल का? शनिवारी?" त्या आवाजात तक्रार नव्हती. पण माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने मूळ कविता न वाचता समीक्षा लिहून आणली की मी ज्या स्वरात बोलते, तो स्वर मला ओळखू आला.

शनिवारी गेले. नऊवाली मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने ग गिरवायला घेतला तो दंडाच्या पायथ्यापासून. पेन्सिल खालून वर, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, प्रत्येक ठिपक्यावर क्षणभर टेकत गेली. मग तिने शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढली आणि सगळ्यात शेवटी डावा आकडा, तोही गाठीपासून उलटा वर. कागदावर उमटलेला ग निर्दोष होता. ती अक्षर लिहीत नव्हती, ठिपके जोडत होती. कागदाने तिला सांगितलेही तेवढेच होते, आणि तिने ते चोख केले होते.

तीनवाला मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझा लाल आकडा त्याच्यापर्यंत पोचला होता. कागद ताईंच्या टेबलावर असताना त्याने तो पाहिला होता, आणि आकडे त्याला वाचता येतात. त्याच्यापुढे कागद ठेवला तर म्हणाला, "मला नाही येत." ताईंनी आग्रह केला नाही. त्यांनी एका थाळीत बारीक वाळू पसरून ती त्याच्यापुढे सरकवली आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताच्या बोटाने वाळूत म काढला. डावी दांडी वरून खाली, तळाशी गाठ, गाठीतून उजवीकडे आडवी रेघ, मग बोट उचलून उभा दंड वरून खाली, आणि शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा तेवढी उजवीकडून डावीकडे. बाकी सगळे जसे असायला हवे तसे. मी ज्याला तीन गुण दिले होते तो मुलगा लिहीत होता, आणि जिला नऊ दिले होते ती लिहीत नव्हती.

हे असे होते, कारण पुरे झालेले अक्षर आपला मार्ग लपवते. उभ्या दंडाकडे पाहून तो वरून खाली आला की खालून वर गेला हे सांगता येत नाही. दंड दोन्ही वेळा दंडच असतो. मुद्रिताच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे हात नसतोच. आपली दृष्टी मुद्रितावर पोसलेली असल्यामुळे आपण मुलाच्या कागदातही मुद्रितच शोधतो. गिरवण्याचा हेतू मात्र हाताला वळण लावणे हा आहे. (हस्ताक्षराला आपण 'वळण' म्हणतो आणि मुलाच्या वागण्यालाही. या शब्दात आकृतीपेक्षा गती अधिक आहे.)

मार्ग उलटा झाला तर बिघडते काय, असा प्रश्न मीही ताईंना विचारला. अक्षर तर बरोबर येते आहे ना? त्यांचे उत्तर साधे होते आणि मला पटले. देवनागरीतल्या बहुतेक व्यंजनांचा दंड उजव्या अंगाला असतो आणि आपण लिहितो डावीकडून उजवीकडे. आधी डावे अंग काढले की त्याचे स्थान मागच्या अक्षरावरून ठरते आणि दंड त्याला येऊन भिडतो. आधी दंड काढला तर डावे अंग मागे वळून, उरलेल्या जागेत कोंबावे लागते. एकेकटे अक्षर ठिपक्यांवर गिरवताना हे जाणवत नाही, कारण जागा कागदाने आधीच ठरवून दिलेली असते. 'मगन' किंवा 'नमन' असे शब्द कोऱ्या ओळीवर लिहायची वेळ आली की अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडू लागतात आणि मग पहिली-दुसरीतल्या बाई म्हणतात, याचे अक्षर गिचमिड आहे. गाठीचेही तसेच. ग किंवा म यांची गाठ वरून येणाऱ्या रेघेच्या ओघात आपोआप वळते. गाठीपासून सुरुवात केली तर ती सुटी गोळी होऊन राहते आणि दांडीशी तिचा सांधा उघडा पडतो.

घरी येऊन मी तो ४१ कागदांचा गठ्ठा पुन्हा मागवून घेतला. आता मला मार्गाच्या खुणा शोधायच्या होत्या. काही सापडतात. पेन्सिल जिथे टेकते तिथे बहुधा गडद ठिपका पडतो आणि जिथून उचलली जाते तिथे रेघ निमुळती होत जाते. ठिपके जोडणाऱ्या मुलाची रेघ मण्यांच्या माळेसारखी असते, कारण प्रत्येक थांब्यावर दाब वाढतो. कागद उलटा करून मागून बोट फिरवले तर तो दाब हाताला लागतोही. सांध्याजवळ फट आहे की एक रेघ दुसरीला ओलांडून पुढे गेली आहे, यावरून कोणती आधी आली याचा अंदाज बांधता येतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला शोभेल अशा उत्साहाने मी दहा कागद असे वाचले आणि पुढच्या शनिवारी त्या दहा मुलांना प्रत्यक्ष लिहिताना पाहिले. चार ठिकाणी माझा अंदाज साफ चुकला होता. या वयात दाब सारखा नसतो. मूल कंटाळले, बाजूचे मूल काही बोलले, पेन्सिलीचे टोक मोडले, यांपैकी कशानेही रेघ गडद होते. तेव्हा कागदावरून आकाराबद्दल बोलावे, दिशेबद्दल बोलू नये. दिशेबद्दल बोलायचे तर शेजारी बसावे लागते.

वाळूची थाळी मात्र या बाबतीत कागदापेक्षा प्रामाणिक आहे. बोट वाळूतून जाते तेव्हा वाळू पुढे ढकलली जाते आणि जिथे बोट थांबते तिथे तिचा छोटा ढीग होतो. दंड खालून वर ओढला असेल तर ढीग वरच्या टोकाला दिसतो, वरून खाली ओढला असेल तर तळाशी. मूल उठून गेले तरी त्याचा मार्ग थाळीत राहतो. हे मी ताईंच्या थाळीत पाहिले तेव्हा 'धुळाक्षरे' हा शब्द मला पहिल्यांदा शब्दशः कळला. पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आपण दारिद्र्याची खूण म्हणून वाचत आलो : कागद महाग, म्हणून लाकडी फळीवर धूळ. ते खरेच आहे. पण पंतोजींना लांबूनही धुळीत हाताचा माग दिसत असणार, आणि चुकलेले अक्षर पुसून टाकायला तळहात पुरेसा असणार. त्या पाटीवर चुकीचा पुरावा उरत नव्हता. (पंतोजींची छडी वेगळी. तिचा पुरावा उरत असे.) १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह जे काम उभे केले, त्यात मॉन्टेसोरींचे विकत घ्यावे लागणारे साहित्य बाजूला ठेवून आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर भर होता. मॉन्टेसोरींच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे आणि आपल्या वाळूत बोट फिरवणे यांत मुलाच्या दृष्टीने फरक थोडा असेल. तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा आहे : खरखरीत कागदावर माग उरत नाही, वाळूत उरतो.

मग बरोबर दिशा कोणती, हे तरी पक्के आहे का? इथे मी थोडी अडखळले. क घ्या. बालवाडीतल्या तक्त्यावर क असा आहे : आधी डावीकडचा अर्धगोल, मग दंड, मग उजवीकडची वळलेली शेपटी, शेवटी शिरोरेषा. बाजारातल्या दुसऱ्या एका पुस्तकात बाण दंडापासून सुरू होतात. मी स्वतःला न सांगता माझा क लिहून पाहिला (हे वाटते तितके सोपे नाही, लक्ष दिले की हात बावरतो). अखेरीस महाविद्यालयातल्या हजेरीपटावर माझेच अक्षर पकडले. मी आधी दंड काढते, पेन्सिल न उचलता डावीकडे वळसा घेते आणि दंड छेदून उजवीकडे शेपटी सोडते. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने गेली चाळीस वर्षे माझा क चुकीचा आहे, आणि त्याच क ने मी दुसऱ्यांना नापास करत आले आहे.

इतिहासाकडे पाहिले तर हा गोंधळ आणखी वाढतो. शिरोरेषा शेवटी, हा आपला बाळबोधीचा संस्कार आहे. आपलेच पूर्वज मोडी लिहीत तेव्हा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिला खाली अक्षरे टांगत जात. हात उचलावा लागू नये म्हणून अक्षरांची वळणेही तशी घडली होती. म्हणजे एकाच घरातला मुलगा पाटीवर बाळबोध गिरवताना शिरोरेषा शेवटी देत असेल आणि त्याचा कारकून बाप दप्तरात तीच रेघ आधी ओढत असेल. दोघेही चुकत नव्हते. क्रम लिपीच्या आणि लेखणीच्या सोयीतून येतो, तो आकाशातून पडलेला नाही. माझा क देखील लवकर लिहिणाऱ्या हाताने काढलेली पळवाट आहे, आणि प्रौढ हाताला ती चालते. पाच वर्षांच्या मुलाला आधी सरळ वाट दाखवावी, इतकेच म्हणता येईल. बाणाविरुद्ध गेलेली प्रत्येक रेघ चूक धरली तर मात्र आपण लेखन तपासत नसून आज्ञापालन तपासत असतो.

आता आकार. तीनवाल्या मुलाचा ल मला अजून टोचतो. कागद बालवाडीतल्या कोणीतरी संगणकावर तयार केला होता, आणि त्या फाँटमधला ल उजवीकडे सरळ दंड असलेला, हिंदी पुस्तकांत दिसतो तसा होता. मुलाने ठिपके सोडून दोन पाकळ्यांचा ल काढला होता. त्याची आई त्याला घरी पाटीवर तसा काढून देते, आणि तिला तो तिच्या आईने दिलेला. मी, मराठीची एम. ए., त्या ल वर लाल फुली मारून बसले होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह पुन्हा धरला. मी हे वर्गात शिकवते. पण कागद तपासताना माझे माप होते ठिपके. संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच आहेत. त्यांचा संकेतांक एक असतो आणि पाकळी की दंड हे फाँट ठरवतो. त्यामुळे हा लेख वाचताना तुमच्यापुढे कोणता ल येतो आहे, हेही माझ्या हातात नाही. म्हणून गिरवण्याचा कागद छापून घेतला की मुलांना देण्याआधी निदान ल आणि श ही दोन अक्षरे डोळ्यांनी पाहून घ्यावीत. आम्ही आता ही दोन्ही हाताने काढून त्यांच्या छायाप्रती घेतो.

त्याच वर्गात आणखी एक मुलगी होती. आई मराठी, वडील गुजराती, आणि दिवसभर सांभाळणारी आजी तिला गुजराती अक्षरे दाखवणारी. मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत हे नवलाचे नाही. ती शिरोरेषा देतच नसे, कारण आजीच्या लिपीत शिरोरेषा नाही. मी तिला प्रत्येक अक्षरामागे अर्धा गुण कापला होता. आता विचार करते तर शिरोरेषेवाचूनही तिचा ग ग च होता आणि न न च. शिरोरेषेचे महत्त्व जिथे दोन अक्षरे तिच्यावरून वेगळी होतात तिथे आहे : म ची रेघ अखंड, भ ची तुटलेली, आणि घ-ध मध्येही तेच. तिचा भ पाहिला तर डोक्यावरचा आकडा तिने नीट काढला होता. वाचणारा फसणार नव्हता. मुलीला शिरोरेषा सांगायची ती 'मराठीत अक्षरांना छप्पर असते' अशी ओळख म्हणून सांगायची. कापण्यासारखे त्यात काही नव्हते.

यातून आम्ही, म्हणजे मुख्यतः ताईंनी, आकारासाठी एकच प्रश्न ठेवला : हे अक्षर दुसरे कोणते अक्षर म्हणून वाचले जाईल का? भ चा म होतो का, घ चा ध, ब चा व? होत असेल तर तिथे थांबायचे. होत नसेल तर मोठे-लहान, तिरके, थरथरते, चौकटीबाहेरचे, सगळे चालते. कारण हे वय. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला गोल उतरवता येतो, चौथ्याच्या सुमारास एकमेकींना छेदणारी उभी-आडवी रेघ, पाचव्याच्या आगेमागे चौकोन, आणि तिरक्या रेघा त्याच्याही नंतर. ब च्या पोटातली तिरकी रेघ विसरणारे मूल बहुतेक वेळा विसरलेले नसते, ती त्याच्या हाताला अजून जमत नसते. त्याला 'ब कुठे आहे?' असे विचारून तक्त्यावर बोट ठेवायला सांगितले की खरे काय ते कळते. बोट बरोबर पडले तर प्रश्न हाताचा आहे, आणि हात वाढतो. बोट व वर पडले तर प्रश्न ओळखीचा आहे, आणि तिथे गिरवण्याचे आणखी दहा कागद देऊन काही होत नाही.

दिशेसाठी आम्ही मार्चचा महिना घेतला. ताई रोज पाच मुलांजवळ दोन-दोन मिनिटे बसत. शनिवारी मी जाई. बसायचे समोर नाही, शेजारी आणि जरा मागे. समोर बसले की मूल प्रत्येक रेघेनंतर आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि भुवई वर गेली की तिथेच थांबते. तोंडाने काही बोलायचे नाही, हात धरायचा नाही. वहीत आकडा लिहायचा नाही, जे दिसले ते लिहायचे : सुरुवात कुठून, दंड कसा, पेन्सिल किती वेळा उचलली, शिरोरेषा केव्हा. तीनवाल्या मुलाच्या पानावर पहिल्या शनिवारी मी लिहिले ते असे : "डावखुरा. भ : सुरुवात डोक्याच्या आकड्यापासून, पण आकडा उजवीकडे न वळता खाली पडतो. दांडी वरून खाली. गाठ बंद होत नाही. दंड वरून खाली. शिरोरेषा शेवटी, उजवीकडून डावीकडे, पूर्ण ओढतो, म्हणून म वाटतो. प्रत्येक चौकटीआधी मनगट उचलून डावीकडे बघतो."

हे शेवटचे वाक्य लिहिताना मला त्याचा अर्थ कळला नव्हता. ताईंना कळला. नमुन्याचे अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला, आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्याचे मनगट नेमके त्यावर. त्याला नमुना दिसतच नव्हता. तो आठवणीतून लिहीत होता आणि आठवण अपुरी पडली की हात उचलून पुन्हा पाहत होता. मोठाली, विस्कटलेली अक्षरे तिथून आली होती. ताईंनी तेच अक्षर कापून ओळीच्या उजव्या टोकालाही चिकटवले आणि कागद त्याच्यापुढे किंचित उजवीकडे कलता ठेवला. शिरोरेषेच्या दिशेला हात लावला नाही. डाव्या हाताला ती रेघ डावीकडून उजवीकडे ढकलावी लागते, उजवीकडून डावीकडे ओढता येते, आणि ओढणे सोपे असते. वर्गातल्या उरलेल्या दोन डावखुऱ्या मुलांपैकीही एक तसेच करत होते. अक्षराचे त्यात काही बिघडत नाही. तिसऱ्या शनिवारच्या नोंदीत आहे : "भ : छपरात फट ठेवतो. दोनदा विसरला, तिसऱ्यांदा स्वतः पुसली. गाठ अजून उघडी." चौथ्या शनिवारीही गाठ उघडीच होती. ती तशीच ठेवून तो पहिलीत गेला.

नऊवाल्या मुलीचे काय करायचे, हे अधिक अवघड होते. तिला आपले चुकते आहे असे वाटण्याचे काही कारणच नव्हते. तिला ठिपके बंद केले आणि पोकळ, राखाडी छापाची अक्षरे दिली, सुरुवातीच्या जागी एक हिरवा ठिपका देऊन. तेव्हा तिचा कागद पहिल्यांदाच कुरूप झाला आणि ती रडली. तिच्या आईने येऊन विचारले की मुलगी मागे कशी पडली. ताईंनी त्यांना वाळूची थाळी दाखवून कुठे ढीग होतो ते समजावले. आईंना पटले की नाही, मला सांगता येणार नाही. या पद्धतीची हीच अडचण आहे. आकडा घरी नेऊन दाखवता येतो, ढीग नेता येत नाही. शिवाय ४१ मुलांमागे एक ताई आणि एक मदतनीस असताना प्रत्येक मुलाजवळ आठवड्यातून फार तर एकदा बसता येते. दोन मिनिटांत पाहिलेला हात त्या दिवशी झोपेतला होता की तापातला, हे वहीत येत नाही.

२७ फेब्रुवारीला क्रमांक काढले नाहीत. सगळे कागद भिंतीवर लावले. माझी लाल शाई खोडरबराने जात नव्हती, म्हणून प्रत्येक कागदाचा तो कोपरा कापला. ४१ कागद, सगळ्यांचा उजवा वरचा कोपरा तिरका कापलेला. पालकांपैकी एकाने ती सजावट आहे असे समजून छान म्हटले. तीनवाला मुलगा आपल्या कागदासमोर उभा राहून त्या कापलेल्या जागेकडे पाहत होता. तिथे काय होते ते त्याला माहीत होते.

मार्चच्या अखेरच्या शनिवारी त्याने माझ्यापुढे थाळी सरकवली. "तुम्ही काढा क." मी बोट वाळूत टेकले आणि सवयीने आधी दंड ओढला.

"असं नाही. आधी पोट," तो म्हणाला. "मग काठी."

मी तळहाताने वाळू सारखी केली आणि पोटापासून सुरुवात केली. शेपटीपाशी माझे बोट थोडे घुटमळले. त्याने थाळीवर वाकून ढीग कुठे कुठे झालेत ते पाहिले.

"येतंय," तो म्हणाला, आणि थाळी हलवून अक्षर मोडून टाकले.